थकीत बिलावरचे व्याज: मागणी केव्हा उत्पन्न होते?

विक्रीच्या बिलाच्या तळाशी, 'न्यायक्षेत्र कोल्हापूर' किंवा 'चूकभूल द्यावी घ्यावी' या शब्दांच्या आसपास, बहुधा आणखी एक ओळ बारीक टाइपात असते: मुदतीत रक्कम न आल्यास द.सा.द.शे. १८ टक्के दराने व्याज आकारले जाईल. बिल घेणारा ती वाचत नाही, आणि पाठवणाराही पुष्कळदा विसरलेला असतो. बिल थकले, उधारीची मुदत उलटून तीन-चार महिने गेले, की मात्र त्या ओळीची आठवण होते. मार्चअखेर जवळ आल्यावर हिशेबनीस दिवस मोजतो, व्याज काढतो आणि ग्राहकाच्या नावे डेबिट नोट तयार करतो. एवढ्यावर ते व्याज त्या वर्षाचे उत्पन्न झाले का, हा या लेखाचा विषय आहे.

भारतात या प्रश्नाचे उत्तर लेखामानक ९ मध्ये मिळते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने हे मानक १९८५ साली काढले आणि जे उद्योग नव्या 'इंड एएस' मानकांखाली येत नाहीत त्यांना ते आजही लागू आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एखादा दावा करतेवेळी तो शेवटी वसूल होईल की नाही याची वाजवी खात्री नसेल, तर जेवढी शंका तेवढ्या रकमेचे उत्पन्न पुढे ढकलावे आणि खात्री झाली की मगच ते दाखवावे. अशा दाव्यांची उदाहरणे म्हणून मानकाने किमतीतील वाढ, निर्यात प्रोत्साहन आणि व्याज यांची नावे घेतली आहेत. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात 'ग्राहकांकडील थकीत रकमेवरील व्याज वसुलीची वाजवी खात्री असेल तेव्हाच हिशेबात घेतले जाते' अशा अर्थाचे वाक्य दिसते, त्याचा उगम हाच.

मालाची किंमत आणि थकबाकीवरचे व्याज ही दोन्ही येणीच असली, तरी ती एका जातीची नाहीत. मालासाठी ग्राहकाने ऑर्डर दिलेली असते, दर ठरलेला असतो, माल उतरवून घेताना चलनावर शिक्का आणि सही झालेली असते. व्याजाच्या बाबतीत यातले काहीच घडलेले नसते. अट विक्रेत्याच्या बिलावर छापलेली असते, ग्राहकाच्या खरेदी आदेशात नसते. कित्येक मोठ्या ग्राहकांच्या खरेदी आदेशात तर 'पुरवठादाराच्या बिलावरील कोणतीही वेगळी अट मान्य नाही' असे उलटच लिहिलेले असते. शिवाय व्याज मागितले की ग्राहकाकडूनही जुनी उणी निघतात: तीन पेट्या रिजेक्ट झाल्या होत्या, माल आठ दिवस उशिरा आला होता, दरातला फरक अजून सुटलेला नाही. आणि या सगळ्याच्या मागे विक्रेत्याच्या मनातली धास्ती असते की व्याजाचा तगादा लावला तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. म्हणून पुष्कळ विक्रेते व्याजाची डेबिट नोट वसुलीसाठी काढतच नाहीत. मूळ रक्कम लवकर सुटावी म्हणून दिलेला तो ढोस असतो, आणि मुद्दल आले की व्याज सोडून दिले जाते.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊन हिशेब मांडला तर मुद्दा स्पष्ट होतो. कोल्हापूरच्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीने १ ऑक्टोबर २०२४ रोजी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याला कास्टिंग पाठवले. जीएसटीसह बिल ७,३०,००० रुपयांचे, उधारी ४५ दिवसांची, त्यानंतर व्याज १८ टक्के. मुदत १५ नोव्हेंबरला संपली. दर दिवसाचे व्याज ३६० रुपये होते. १६ नोव्हेंबर ते ३१ मार्च २०२५ हे दिवस १३६ भरतात, म्हणजे वर्षअखेरीला व्याज ४८,९६० रुपये झाले. फाउंड्रीने तेवढ्याची डेबिट नोट ग्राहकाला पाठवली. उत्तर आले नाही.

आता हे ४८,९६० रुपये २०२४-२५ च्या उत्पन्नात धरायचे का? त्यासाठी फाउंड्रीने आपल्याच जुन्या वह्या उघडाव्यात. समजा त्यात असे दिसले की याच ग्राहकाला मागच्या चार वर्षांत तीन वेळा व्याज लावले होते; तिन्ही वेळा मुद्दल उशिरा पण पूर्ण आले आणि व्याजाचा एक रुपयाही आला नाही. मग वाजवी खात्री नाही, हे सांगायला आणखी पुरावा नको. उत्पन्न शून्य धरायचे. यात मुद्दलाच्या वसुलीबद्दल मात्र शंका नाही, हे लक्षात ठेवायला हवे. ग्राहक बुडवणारा नाही, फक्त व्याज न देणारा आहे. त्यामुळे ७,३०,००० रुपयांचे येणे ताळेबंदात पूर्ण राहते आणि शंका केवळ व्याजापुरती उरते.

२० मे २०२५ रोजी ७,३०,००० रुपये बँकेत जमा झाले. तोवर आणखी ५० दिवसांचे १८,००० रुपये व्याज वाढून एकूण मागणी ६६,९६० रुपये झाली होती. ऑगस्टमध्ये दोन्हीकडचे अधिकारी बसले आणि ग्राहकाने ई-मेलने कळवले की ४०,००० रुपये अधिक जीएसटी एवढे व्याज देऊन विषय मिटवू. फाउंड्रीने ते मान्य केले. सप्टेंबरमध्ये रक्कम आली. उत्पन्न इथे ऑगस्टमध्ये उभे राहते, सप्टेंबरमध्ये नव्हे, कारण वेळेवर नसले तरी कबूल केलेले पैसे देणाऱ्या ग्राहकाने लेखी आकडा मान्य केल्यावर खात्रीत काही उणे राहत नाही. रक्कम मात्र ४०,००० च; मागितलेले ६६,९६० कधीच उत्पन्न नव्हते.

याउलट मार्चमध्येच डेबिट नोट उत्पन्नात घेतली असती तर २०२४-२५ चा नफा ४८,९६० रुपयांनी फुगला असता. पुढच्या वर्षी १८,००० आणखी जमा होऊन २६,९६० सोडून द्यावे लागले असते, म्हणजे त्या वर्षाला ८,९६० रुपयांचा फटका. दोन्ही वर्षांची बेरीज शेवटी ४०,००० च येते. पण पहिल्या वर्षाच्या नफ्यावर बँकेने कर्जमर्यादा वाढवून दिलेली असते, भागीदारांनी वाटा उचललेला असतो, आणि तो नफा केवळ हिशेबनिसाच्या कागदावर झालेला असतो.

पुस्तकात हे सांभाळण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अगदी सरळ: डेबिट नोट ग्राहकाला पाठवायची, पण तिची नोंद खातेवहीत न करता वेगळ्या टिपणवहीत ठेवायची. ग्राहक, बिल क्रमांक, दिवस, दर, रक्कम आणि ग्राहकाचा प्रतिसाद एवढे रकाने पुरतात. दुसऱ्या रीतीत नोंद खातेवहीत होते, पण जमा बाजूला 'व्याज उत्पन्न' हे खाते न घेता 'थकीत व्याज संशयित' किंवा 'व्याज सस्पेन्स' असे खाते घेतात. त्यामुळे ग्राहकाकडे गेलेल्या खातेउताऱ्यावर पूर्ण मागणी दिसते आणि नफा-तोटा पत्रकाला मात्र तिचा स्पर्श होत नाही. ताळेबंद करताना सस्पेन्सची शिल्लक त्या ग्राहकाच्या येण्यातून वजा करून दाखवायची. ती देणी म्हणून दुसऱ्या बाजूला ठेवली तर दोन्हीकडचे आकडे विनाकारण फुगतात. लहान उद्योगाला पहिली रीत सोयीची. शेकडो ग्राहक असतील आणि संगणक आपोआप व्याज काढत असेल तर दुसरी बरी.

चुका बहुतेक तिथेच होतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या खात्यात व्याजाचा दर भरून ठेवला की ते दर महिन्याला मुकाट्याने व्याज मोजते, आणि व्हाउचर कोणत्या खात्यात जमा करायचे हे एकदा चुकीचे नेमले की चूक वर्षभर चालते. ऑडिटरला ती ओळखणे फारसे अवघड जात नाही. व्याज उत्पन्नाच्या खात्यातली रक्कम आणि बँकेत व्याज म्हणून प्रत्यक्ष आलेली रक्कम शेजारी शेजारी ठेवली, की मधली दरी दिसते. ३१ मार्चच्या तारखेच्या डेबिट नोटांचा गठ्ठा आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या क्रेडिट नोटांचा गठ्ठा सारख्याच रकमांचा निघाला तर विचारण्यासारखे उरत नाही. ग्राहकाकडून मागवलेले शिल्लक-पुष्टीपत्र आणखी बोलके असते. त्यात आलेली तफावत नेमकी व्याजाएवढी भरली, तर ग्राहकाने ते व्याज आपल्या पुस्तकात घेतलेलेच नाही हे उघड होते.

खात्रीचे पुरावेही असेच व्यवहारातले असतात. ग्राहकाच्या खरेदी आदेशात व्याजाची अट असणे, पूर्वी त्याने व्याज भरलेले असणे, त्याच्या लेखी पत्रात आकडा मान्य असणे, किंवा हातात त्याची बँक गॅरंटी असणे. आणखी एक पुरावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. ग्राहकाने व्याज आपल्या पुस्तकात जमा करून त्यावर उद्गम कर कापला, तर ती कपात विक्रेत्याच्या २६एएस उताऱ्यात व्याज म्हणून उमटते. जो कर कापून सरकारात भरतो त्याने देणे मान्य केले आहे, असे धरायला हरकत नाही.

'वाजवी खात्री' म्हणजे 'पैसे हातात पडणे' असा सोयीचा अर्थ काढला जातो, तो बरोबर नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कंपनीने हिशेब उपार्जनाच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला मर्कंटाइल पद्धत म्हणतात, त्या पायावर ठेवायचे असतात. रोख आल्यावरच नोंद, ही मुभा तिला नाही. एखादा ग्राहक करारात व्याजाची अट घालून घेतो आणि दर तिमाहीला न चुकता ते भरतो, तर त्याचे मार्चपर्यंतचे व्याज मार्चमध्येच उत्पन्नात यायला हवे. ते एप्रिलमध्ये ढकलणे म्हणजे सावधगिरीच्या नावाखाली नफा लपवणे होय. एकाच विक्रेत्याच्या पुस्तकात एका ग्राहकाचे व्याज उत्पन्नात आणि दुसऱ्याचे टिपणवहीत, असे चित्र दिसले तर त्यात विसंगती नाही, फक्त कारण लिहून ठेवलेले हवे.

शंका कधी उत्पन्न झाली यावरही नोंद बदलते. मागणी करतानाच वसुलीची खात्री नसेल तर उत्पन्न दाखवायचेच नाही. पण मागणी करताना खात्री होती, व्याज उत्पन्नात घेतले, आणि सहा महिन्यांनी ग्राहकच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, तर मागे जाऊन उत्पन्न खोडायचे नसते. मानक सांगते की अशा वेळी उत्पन्न तसेच ठेवून संशयित येण्यासाठी वेगळी तरतूद करावी. पहिल्या प्रकारात उत्पन्न झालेच नव्हते. दुसऱ्यात झाले होते आणि बुडाले. नफ्यावरचा परिणाम शेवटी सारखा दिसला तरी वाचणाऱ्याला कळणारी हकीकत वेगळी असते.

वसुलीच्या बाजूला एक आडवळणाची चूक आहे. ग्राहकाकडून पाच लाख येतात, आणि हिशेबनीस त्यातून आधी व्याज वळते करून उरलेले मुद्दलात टाकतो. अशा रीतीने व्याज 'वसूल' झालेले दिसते. ग्राहकाने रक्कम कशासाठी आहे हे सांगितलेच नसेल तर आधी व्याज, मग मुद्दल, हा क्रम चालू शकतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५९ म्हणते की देणाऱ्याने रक्कम अमुक देण्यापोटी आहे असे सांगितले आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्याला लावावी लागते. आज आरटीजीएसच्या तपशिलात किंवा सोबतच्या पत्रकात बिल क्रमांक असतोच. तो असताना व्याज आधी वळते केले तर वसुली खोटी ठरते आणि तेवढे मुद्दल नाहक थकीत दिसू लागते.

याच व्याजाकडे जीएसटी आणि प्राप्तिकर वेगवेगळ्या घड्याळांनी पाहतात. जीएसटी कायद्याने उशिराच्या व्याजाला मूळ पुरवठ्याच्या किमतीचाच भाग मानले आहे, त्यामुळे मालावर १८ टक्के कर असेल तर व्याजावरही तोच दर. मात्र कर केव्हा भरायचा, याचे उत्तर विक्रेत्याच्या सोयीचे आहे: व्याजाची रक्कम ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी. वरच्या फाउंड्रीने मार्चच्या डेबिट नोटेवर जीएसटी लावून विवरणपत्रात दाखवला असता, तर न मिळालेल्या ४८,९६० रुपयांवर ८,८१२ रुपये ८० पैसे स्वतःच्या खिशातून गेले असते. तिचा कर प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये लागतो, आणि तो ४०,००० वरचा ७,२०० रुपये.

प्राप्तिकराची वाट इतकी मोकळी नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली उत्पन्न मोजण्यासाठी जी स्वतंत्र मानके आली, त्यांतल्या महसुलाच्या मानकात लेखामानक ९ चे वाक्य जवळजवळ तसेच उचलले आहे. पण खात्री नसेल तर पुढे ढकलण्याची सवलत देताना त्यात किमतीतील वाढ आणि निर्यात प्रोत्साहन ही दोनच नावे ठेवली. व्याज हा शब्द गाळला. व्याज कालमानाने उपार्जित होते असा नियम त्याच मानकात वेगळा दिला आहे, आणि पुढे ते बुडाले तर बुडीत कर्जाची वजावट मागावी असा प्रत्यक्ष कर मंडळाचा २०१७ चा खुलासा आहे. दुसऱ्या बाजूला न्यायालयांची 'खऱ्या उत्पन्ना'ची जुनी परंपरा आहे. गोध्रा इलेक्ट्रिसिटी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरवले की वाढीव वीजदराची बिले पुस्तकात दाखवली असली तरी ग्राहकांशी वर्षानुवर्षे वाद चालून ती रक्कम हाती आली नाही, म्हणून ते खरे उत्पन्न नव्हे. बिलावर एकतर्फी छापलेल्या, ग्राहकाने कधीच न मानलेल्या व्याजाचा हक्क मुळात उत्पन्न झाला का, हा युक्तिवाद करदात्याला खुला राहतो. करारात स्पष्ट दर असेल तर तो दुबळा पडतो. म्हणून पुस्तकातले उत्पन्न आणि विवरणपत्रातले उत्पन्न यांत फरक पडू शकतो, आणि तो सल्लागाराशी आधीच बोलून ठेवावा लागतो.

विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर व्याजाचा आधार बिलावरची ओळ राहत नाही, कायदा होतो. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी कराराने ठरलेली मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते, आणि करारात काहीही लिहिले असले तरी ते टळत नाही. बँक दर ६.७५ टक्के होता तेव्हा हे व्याज २०.२५ टक्के होत होते. हक्काबद्दल आता शंका उरत नाही. तरीही वसुलीची शंका शिल्लक राहते, आणि लेखामानकाचा प्रश्न हक्काचा नसून वसुलीचा आहे. लघु उद्योजक हे व्याज सहसा मागत नाही, कारण ग्राहक मोठा असतो. त्याने सुविधा परिषदेकडे अर्ज केला, तरी अर्ज म्हणजे खात्री नव्हे. परिषदेचा निवाडा बाजूने लागला की चित्र बदलू लागते; आणि निवाड्याला आव्हान देण्यासाठी ग्राहकाला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते, ती त्याने भरली की निदान तेवढ्यापुरती बुडण्याची भीती सरते. अपिलाचा निकाल बाकी असतो, त्यामुळे तोवर किती धरायचे हा निर्णय प्रकरणागणिक घ्यावा लागतो.

याच कायद्यामुळे एक विषम चित्र तयार होते. ज्याच्या हिशेबांचे ऑडिट होते अशा खरेदीदाराला लघु पुरवठादारांचे थकीत मुद्दल आणि त्यावरचे देय व्याज आपल्या वार्षिक हिशेबात वेगळे जाहीर करावे लागते, पुरवठादाराने मागितले नसले तरी. ते व्याज त्याला करात वजावटही देत नाही. म्हणजे तेच व्याज खरेदीदाराच्या पुस्तकात देणे म्हणून उभे असते आणि विक्रेत्याच्या पुस्तकात कुठेच नसते. दोघांचेही हिशेब बरोबर असतात: देणे कायद्याने लागू झाले की मांडायचे, येणे वसुलीची खात्री झाल्यावर. विक्रेत्याने मात्र आपल्या ग्राहकाचा वार्षिक अहवाल मिळाला तर तो भाग वाचावा. आपल्याला देय असलेले व्याज ग्राहकाने तिथे मोजलेले असेल, तर वाटाघाटीत त्याच्याकडून 'असे काही व्याज नाहीच' हे ऐकून घ्यावे लागत नाही.

मोठ्या प्रमाणावर हाच नियम वीजनिर्मितीत दिसतो. वितरण कंपन्या बिले उशिरा भरतात आणि त्यावर विलंब अधिभार लागतो. जून २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी स्वतंत्र नियम केले आणि थकबाकी जुनी होत जाईल तसा दर महिन्याला अर्ध्या टक्क्याने वाढणारा अधिभार ठेवला, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. दर सरकारी, करार सरकारमान्य, देणारी संस्थाही बहुधा राज्याचीच. तरी एनटीपीसीसारखी कंपनी हा अधिभार रक्कम मोजता येण्याबद्दल आणि वसुलीबद्दल मोठी शंका नसेल तेव्हाच उत्पन्नात घेते, आणि आपल्या लेखा धोरणात तसे लिहिते.

ते लिहिणे ऐच्छिक नाही. मोठ्या अनिश्चिततेमुळे उत्पन्न पुढे ढकलले असेल तर कोणत्या परिस्थितीत ढकलले हे जाहीर करावे, असे लेखामानक ९ सांगते. फाउंड्रीच्या मार्च २०२५ च्या हिशेबात अशी टीप दोन ओळींची झाली असती: ग्राहकाकडील थकीत बिलावर ४८,९६० रुपये व्याजाची मागणी केली आहे, ग्राहकाने ती मान्य केलेली नाही आणि पूर्वीचा अनुभव पाहता वसुलीची वाजवी खात्री नसल्याने ती उत्पन्नात धरलेली नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला ती वाचून नफा किती खरा आहे हे समजते, आणि त्या ग्राहकाची पैसे देण्याची सवयही कळते.